ऑटोकॅडमध्ये ॲनोटेटिव्ह टेक्स्ट आणि डायमेन्शन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसमध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या महिन्यात हेच प्रश्न येतात, आणि दर वेळी स्क्रीनशेजारी उभं राहून तेच समजवावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: १२ मीटर बाय ९ मीटरचा बंगला, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, एका ए-टू शीटवर पूर्ण प्लॅन १:१०० ला आणि त्याच प्लॅनमधल्या १५०० बाय २४०० च्या टॉयलेटचं डिटेल १:२० ला.

साध्या टेक्स्टने काम होतं की, मग हे ॲनोटेटिव्ह कशाला?

साध्या टेक्स्टने एका स्केलचं काम होतं. प्रिंटवर अक्षर २.५ मिमी हवं आणि शीट १:१०० ला असेल तर मॉडेलमध्ये टेक्स्ट २५० उंचीचं ठेवायचं, हा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. पण तेच टॉयलेट दुसऱ्या व्ह्यूपोर्टमध्ये १:२० ला लावलं की ते २५० चं अक्षर कागदावर साडेबारा मिमीचं होतं, म्हणजे "टॉयलेट" हा एक शब्दच अर्धं टॉयलेट व्यापून बसतो. मग लोक काय करतात, तर टॉयलेट कॉपी करून बाजूला ठेवतात आणि त्याच्यावर ५० उंचीचं वेगळं टेक्स्ट टाकतात. इथेच घोळ सुरू होतो. क्लायंटने दरवाजा सरकवायला सांगितला की प्लॅनमध्ये सरकतो आणि कॉपीत तसाच राहतो. माझ्याकडून हे झालंय, प्लंबर एक प्रिंट घेऊन उभा आणि गवंडी दुसरी, आणि दोघांच्या हातात माझंच ड्रॉइंग.

ॲनोटेटिव्हमध्ये तुम्ही उंची कागदावरची सांगता, २.५ म्हणजे २.५, आणि मॉडेलमध्ये ती किती दाखवायची ते ऑटोकॅड स्केल बघून ठरवतं: १:१०० ला २५०, १:५० ला १२५, १:२० ला ५०. ही सोय २००८ च्या व्हर्जनपासून आहे, म्हणजे आता "आमच्या व्हर्जनमध्ये नाही" हे कारण चालत नाही.

म्हणजे स्केलप्रमाणे साईज आपोआप बदलते, एवढंच ना?

नाही, आणि एवढंच समजल्यामुळेच नव्वद टक्के गोंधळ होतात. प्रत्येक ॲनोटेटिव्ह टेक्स्ट किंवा डायमेन्शनच्या खिशात स्केलची एक यादी असते. ज्या व्ह्यूपोर्टचं स्केल त्या यादीत आहे तिथेच ते दिसतं, बाकी ठिकाणी दिसतच नाही. म्हणजे स्केल हे साईजचं बटण तर आहेच पण त्याआधी ते प्रवेशाचा पास आहे. टॉयलेटमधल्या नळाची उंची, टाईलची लेव्हल, फ्लोअर ट्रॅपचं अंतर यांना फक्त १:२० चा पास द्या, ते १:१०० च्या प्लॅनमध्ये गर्दी करणार नाहीत. बाहेरच्या भिंतींच्या डायमेन्शनना फक्त १:१०० चा पास. आणि टॉयलेटच्या आतल्या लांबी-रुंदीला दोन्ही, कारण ती दोन्हीकडे लागते.

हे एकदा डोक्यात बसलं की खालची अर्धी उत्तरं वाचायची गरज नाही खरं तर.

स्टाईल कशी बनवायची?

दोन बनवा, एक टेक्स्टची आणि एक डायमेन्शनची. `STYLE` मध्ये नवीन स्टाईल, `Annotative` वर टिक, आणि `Paper Text Height` मध्ये २.५ टाका. नंतर `DIMSTYLE`, नवीन स्टाईल करतानाच त्या छोट्या खिडकीत `Annotative` वर टिक असते ती करा, आणि आत सगळे आकडे कागदावरच्या मिमीमध्ये भरा, अक्षर २.५, टिक १.५, एक्स्टेन्शन लाईनची भिंतीपासूनची फट १.५, असे. `Fit` टॅबमधलं `Use overall scale of` आपोआप बंद पडतं, तिथे आता १०० वगैरे भरायचं नसतं.

एक खोच आहे. डायमेन्शन स्टाईलमध्ये जी टेक्स्ट स्टाईल निवडाल तिची उंची शून्य असलेली बरी. तिथे २.५ आधीच बांधलेलं असेल तर डायमेन्शन स्टाईलमध्ये तुम्ही २ करा नाहीतर ३ करा, काही फरक पडत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. म्हणून मी डायमेन्शनसाठी वेगळी, शून्य उंचीची टेक्स्ट स्टाईल ठेवतो.

स्टाईलच्या नावापुढे छोटा त्रिकोण दिसला की समजा ॲनोटेटिव्ह झाली.

बंगल्याचं उदाहरण पहिल्यापासून सांगा ना.

मॉडेलमध्ये प्लॅन नेहमीसारखा पूर्ण मापात काढा, भिंती २३० आणि ११५ च्या, जे असेल ते. मग स्टेटस बारवर उजवीकडे ॲनोटेशन स्केल असतं तिथे `1:100` निवडा, किंवा `CANNOSCALE` टाईप करून द्या. आता बाहेरची डायमेन्शन, खोल्यांची नावं, टॉयलेटची आतली लांबी-रुंदी हे सगळं टाका. या सगळ्याला आपोआप १:१०० चा पास मिळाला, कारण टाकताना तेच स्केल चालू होतं.

आता स्केल `1:20` करा. सगळं गायब झालं तर घाबरू नका, कोणाकडेच अजून १:२० चा पास नाही म्हणून गायब झालंय. स्टेटस बारवरच त्रिकोणासारखं ॲनोटेशन व्हिजिबिलिटीचं बटण आहे ते चालू करा, किंवा `ANNOALLVISIBLE` ची व्हॅल्यू १ करा, सगळं परत दिसायला लागेल. आता टॉयलेटच्या नावाला आणि आतल्या दोन डायमेन्शनना सिलेक्ट करून

```
AIOBJECTSCALEADD
```

द्या. जे स्केल चालू आहे ते त्यांच्या यादीत जोडलं जातं. राईट क्लिक करून `Annotative Object Scale` मधून पण होतं, पण कमांड पटकन होते. मग १:२० चालू असतानाच नळ, ट्रॅप, टाईल वगैरेची डायमेन्शन टाका, ती आपोआप फक्त १:२० ची होतील.

मग लेआउटला जा. पहिला व्ह्यूपोर्ट १:१०० ला लावा, बंगला कागदावर १२० बाय ९० मिमीचा होईल, वर बाहेरच्या डायमेन्शनची जागा धरा. दुसऱ्या व्ह्यूपोर्टमध्ये टॉयलेट १:२० ला, ते ७५ बाय १२० मिमीचं होईल. ए-टू म्हणजे ५९४ बाय ४२०, दोन्ही आरामात बसतात, सेक्शनलाही जागा उरते. व्ह्यूपोर्टचं स्केल यादीतून निवडलं की ॲनोटेशन स्केलही तेच होतं. लगेच व्ह्यूपोर्ट लॉक करा. लगेच म्हणजे लगेच, कारण कोणीतरी आत डबल क्लिक करून माऊसचं चाक फिरवणारच.

१:२० मध्ये डायमेन्शन व्ह्यूपोर्टच्या बाहेरच गेलंय, असं का?

अक्षराची साईज बदलली तरी डायमेन्शन लाईनची जागा आपोआप बदलत नाही म्हणून. समजा १:१०० ला तुम्ही लाईन भिंतीपासून ८०० मिमीवर ठेवली, कागदावर ते ८ मिमी दिसतं, छान दिसतं. पण १:२० ला तेच ८०० म्हणजे कागदावर ४० मिमी, त्यामुळे लाईन शेजारच्या बेडरूममध्ये नाहीतर व्ह्यूपोर्टच्या फ्रेमबाहेर जाते. आणि व्ह्यूपोर्टबाहेर गेली की दिसत नाही, मग लोक समजतात स्केलच जोडलं गेलं नाही आणि परत परत जोडत बसतात.

उपाय सोपा आहे. मॉडेलमध्ये स्केल `1:20` ठेवा, डायमेन्शन सिलेक्ट करा आणि ग्रिप धरून लाईन १६० वर आणा, ८ गुणिले २० म्हणून १६०. १:१०० वाली लाईन ८०० वरच राहते. प्रत्येक स्केलसाठी त्या डायमेन्शनचं वेगळं रूप असतं, आणि ग्रिपने फक्त चालू स्केलचं रूप हलतं. सिलेक्ट केल्यावर बाकीची रूपं फिक्कट दिसतात, त्यावरून कळतं कुठलं कुठे आहे. `MOVE` कमांडने मात्र सगळी रूपं एकत्र सरकतात, त्यामुळे एका स्केलची जागा नीट करायला `MOVE` वापरू नका.

आणि `ANNORESET` पासून सांभाळून. ती कमांड सगळ्या स्केलची रूपं चालू स्केलच्या जागी आणून ठेवते. कधी कधी तेच हवं असतं, पण अर्धा दिवस घालवून १:२० ची डायमेन्शन बसवल्यावर १:१०० चालू असताना सगळं सिलेक्ट करून ही कमांड दिली तर तो अर्धा दिवस गेला, `Ctrl+Z` लगेच आठवलं तर ठीक.

मॉडेलमध्ये टेक्स्ट दिसतंय, लेआउटमध्ये नाही. काय बघायचं?

आधी टेक्स्टवर माऊस नेऊन थांबा. कर्सरजवळ एक त्रिकोण दिसला तर त्याच्या यादीत एकच स्केल आहे, दोन त्रिकोण दिसले तर एकापेक्षा जास्त. काहीच आलं नाही तर ते ॲनोटेटिव्ह नाहीच, मग कारण लेयरमध्ये शोधा, बहुतेक त्या व्ह्यूपोर्टमध्ये लेयर फ्रीज असतो.

एकच त्रिकोण असेल तर `OBJECTSCALE` देऊन त्या टेक्स्टची यादी बघा, बहुतेक तुमचं स्केल तिथे नसतंच. मॉडेलमध्ये दिसत होतं कारण तिथे `ANNOALLVISIBLE` १ होतं. ही व्हॅल्यू मॉडेलसाठी वेगळी आणि प्रत्येक लेआउटसाठी वेगळी साठवली जाते, त्यामुळे एका टॅबमध्ये दिसणं आणि दुसऱ्यात न दिसणं हे अगदी नॉर्मल आहे. प्रिंट काढायच्या लेआउटमध्ये ती ० च ठेवा, नाहीतर १:१०० ची मोठी अक्षरं १:२० च्या व्ह्यूपोर्टमध्ये डोकावतात.

यादीतही स्केल आहे आणि तरी दिसत नाही किंवा चुकीच्या साईजचं दिसतं, मग व्ह्यूपोर्टचं स्केल आणि त्याचं ॲनोटेशन स्केल वेगळं झालंय का बघा. कोणी आत झूम केलं की व्ह्यूपोर्टचं स्केल ०.०४७३ वगैरे काहीतरी होऊन बसतं आणि ॲनोटेशन स्केल मात्र `1:20` च राहतं. व्ह्यूपोर्ट सिलेक्ट केला की दोन्ही स्टेटस बारवर आणि प्रॉपर्टीजमध्ये दिसतात, वेगळी असतील तर तिथलं सिंक करायचं बटण दाबा किंवा स्केल परत निवडा, आणि या वेळी लॉक करा.

मी फक्त स्केल बदलून बघितलं आणि आता सगळ्या टेक्स्टला सगळी स्केल लागलीत!

`ANNOAUTOSCALE` चालू होतं. ॲनोटेशन व्हिजिबिलिटीच्या बटणाशेजारी विजेच्या चमकेसारखं चिन्ह असलेलं बटण असतं ते हेच. ते चालू असताना मॉडेलमध्ये १:१०० वरून १:२० वर गेलात की ऑटोकॅड समजतं तुम्हाला आधीच्या स्केलच्या सगळ्या टेक्स्टला १:२० पण जोडायचंय. मग बेडरूमचं नाव, जिन्याचे आकडे, बाहेरची डायमेन्शन, सगळ्यांना पास मिळतो आणि टॉयलेटच्या डिटेलमध्ये बाहेरच्या भिंतीच्या डायमेन्शनची एक्स्टेन्शन लाईन आडवी जाते.

माझं मत विचाराल तर हे बटण कायम बंद ठेवा. व्हॅल्यू १ ते ४ म्हणजे चालू, त्याच आकड्यांपुढे उणे म्हणजे बंद. चुकून झालंच असेल आणि `Ctrl+Z` ची वेळ गेली असेल तर नको असलेलं स्केल चालू करा, ज्यांचं काढायचं ते सिलेक्ट करा आणि `AIOBJECTSCALEREMOVE` द्या. टॉयलेटपुरतं सोडून बाकी सगळं एका विंडोत सिलेक्ट होतं, पाच मिनिटांचं काम आहे.

फर्निचर लेआउट आणि इलेक्ट्रिकल, दोन्ही १:५० ला आहेत. ॲनोटेटिव्हने वेगळे करता येतील का?

नाही, आणि ही ह्या पद्धतीची खरी मर्यादा आहे. पास स्केलचा आहे, व्ह्यूपोर्टचा नाही. दोन्ही व्ह्यूपोर्ट १:५० असतील तर १:५० वालं प्रत्येक टेक्स्ट दोन्हीकडे दिसणार. तिथे जुनाच मार्ग, इलेक्ट्रिकलचं टेक्स्ट वेगळ्या लेयरवर ठेवा आणि फर्निचरच्या व्ह्यूपोर्टमध्ये तो लेयर `VP Freeze` करा. काही जण `1:50` सोबत अजून एक नाव बदलून १:५० चं स्केल यादीत तयार करतात आणि त्याने वेगळं करू बघतात. मी त्या वाटेला जात नाही, पुढच्या माणसाला दोन एकसारखी स्केल बघून काहीच कळत नाही. साईज आणि डिटेलचा फरक स्केलने, विषयाचा फरक लेयरने, असं वाटून घेतलं की डोक्याला ताप राहत नाही.

आमचं ड्रॉइंग मीटरमध्ये आहे, १:१०० निवडलं तर अक्षर डोंगराएवढं येतं.

बरोबर आहे, कारण ऑटोकॅडला `1:100` म्हणजे कागदाचं १ युनिट बरोबर ड्रॉइंगची १०० युनिट. कागद मिमीमध्ये आणि ड्रॉइंग मीटरमध्ये, म्हणून १ मिमी बरोबर १०० मीटर झालं, २.५ चं अक्षर २५० मीटर उंच. सर्व्हेवाल्यांकडून आलेल्या फाईलमध्ये हे हमखास होतं.

`SCALELISTEDIT` मध्ये जाऊन नवीन स्केल बनवा. खऱ्या १:१०० ला १ मीटर कागदावर १० मिमी असतो, म्हणून पेपर युनिट १० आणि ड्रॉइंग युनिट १. नाव `1:100 M` असं काहीतरी द्या म्हणजे ओळखू येईल. १:५० साठी २० आणि १, १:५०० साठी २ आणि १. तपासायचं असेल तर १० ला १ या स्केलवर २.५ चं अक्षर मॉडेलमध्ये ०.२५ मीटर दिसलं पाहिजे.

फूट-इंचवाल्यांचं ड्रॉइंग युनिट इंच असतं. कागद मिमीमध्ये ठेवला असेल तर १:१०० साठी पेपर युनिट २५.४ आणि ड्रॉइंग युनिट १००. बाकी सगळं तसंच.

जुनं ड्रॉइंग आहे, सगळं साधं टेक्स्ट. बदलता येईल?

येतं, पण आधी एक गोष्ट करा. ते टेक्स्ट ज्या स्केलसाठी टाकलं होतं ते स्केल मॉडेलमध्ये चालू करा. २५० चं टेक्स्ट असेल तर `1:100`. मग सगळं टेक्स्ट सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये `Annotative` ला `Yes` करा, कागदावरची उंची २.५ झालेली दिसेल. स्केल चुकीचं ठेवून `Yes` केलंत, समजा `1:1` वर, तर कागदावरची उंची २५० होते आणि मग १:१०० जोडल्यावर अक्षर बंगल्यापेक्षा मोठं होतं. हे झालं तर तुम्ही पहिले नाही.

दुसरा मार्ग म्हणजे स्टाईललाच ॲनोटेटिव्ह करायचं आणि मग `ANNOUPDATE`, त्याने त्या स्टाईलचं जुनं टेक्स्ट स्टाईलप्रमाणे होतं. पण जुन्या ड्रॉइंगमध्ये एकाच स्टाईलमध्ये २५०, ३००, ५०० असं सगळं मिसळलेलं असतं, ते सगळं एकाच उंचीचं होऊन जाईल. मी तरी जुनं ड्रॉइंग तेव्हाच बदलतो जेव्हा त्यात नवीन स्केलचं डिटेल येणार असतं, नाहीतर चालतंय ते चालू दे.

डॉटेड लाईन एका व्ह्यूपोर्टमध्ये डॉटेड आणि दुसऱ्यात सरळ दिसते, हे पण ह्याच्यामुळेच?

नाही, ते लाईनटाईपचं. `PSLTSCALE` १ आणि `MSLTSCALE` १ ठेवा, `LTSCALE` १ पासून सुरू करून डोळ्याला बरं वाटेल तसं कमी-जास्त करा, आणि `REGENALL` द्या. `MSLTSCALE` मुळे मॉडेलमध्येही डॅश ॲनोटेशन स्केलप्रमाणे दिसतात.

स्केलच्या यादीत शेकडो विचित्र नावं आलीत, काही `_XREF` ने संपणारी.

दुसऱ्यांच्या फाईल एक्सरेफ केल्या, त्यातून कॉपी-पेस्ट केलं की हा कचरा येतो, आणि फाईल उघडायलाही जड होते. साफ करायला:

```
-SCALELISTEDIT
R
Y
E
```

पुढचं वजाचं चिन्ह विसरू नका, त्याशिवाय डायलॉग बॉक्स उघडतो. वापरात असलेली स्केल राहतात, बाकीची जातात. मीटरवाली स्वतः बनवलेली स्केल अजून वापरली नसतील तर तीही जातील, परत बनवावी लागतील, म्हणून ही सफाई कामाच्या सुरुवातीला करा.

सेक्शन मार्क, ग्रिडचे गोल, नॉर्थ यांचं काय?

ब्लॉक बनवताना `Annotative` वर टिक करा आणि कागदावर जेवढा हवा तेवढाच काढा, ग्रिडचा गोल ८ मिमी तर ८ चाच. पुढे टेक्स्टसारखाच वागतो, त्यालाही स्केलची यादी असते. पण दरवाजा, कमोड, बेसिन यांना चुकूनही ॲनोटेटिव्ह करू नका, त्या खऱ्या मापाच्या वस्तू आहेत. एकाने कमोडला केलं होतं, १:२० च्या डिटेलमध्ये तो साबणाच्या वडीएवढा झाला.

त्यापेक्षा डायमेन्शन थेट लेआउटमध्येच टाकली तर?

टाकता येतात, आणि एकाच शीटचं छोटं काम असेल तर मी पण टाकतो. `DIMASSOC` २ असेल तर लेआउटमधलं डायमेन्शन व्ह्यूपोर्टच्या आतल्या भिंतीला बांधलेलं राहतं आणि माप खरं येतं. त्रास तेव्हा होतो जेव्हा व्ह्यूपोर्ट सरकवावा लागतो किंवा तोच प्लॅन तीन शीटवर जातो, तेव्हा डायमेन्शन तीनदा टाकावी लागतात. शिवाय मॉडेलमध्ये काम करताना ती दिसत नाहीत, त्यामुळे भिंत हलवताना डोळ्यासमोर माप नसतं. शीटचं नाव, जनरल नोट्स, टायटल ब्लॉक हे मात्र लेआउटमध्येच, साधं टेक्स्ट.

स्ट्रक्चरलवाल्यांकडे फार जुनं व्हर्जन आहे, त्यांना फाईल कशी पाठवू?

२००८ च्या आधीच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करताना `SAVEFIDELITY` १ ठेवा, प्रत्येक स्केलचं रूप वेगळ्या लेयरवर जातं, लेयरच्या नावापुढे आकडा लागलेला दिसेल. त्यांना जे स्केल नको तो लेयर ते बंद करतील. सोबत पीडीएफ पण द्या, तुमच्याकडे प्रिंट कशी दिसते ते त्यांना कळू दे, नाहीतर दोन उंचीची अक्षरं एकावर एक बघून आधी तुम्हालाच फोन येईल.